इन्सुलिनचं पेन नवीन सुरू झालंय? हा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा

काका, काकू, आजी, आजोबा, नमस्कार. डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं की पहिले दोन दिवस घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात हे मी रोज बघते. आता आयुष्यभर सुया, आता शेवटचं आलं, असं मनात येतं. तसं काही नाही. या पेनाची सुई 4 मिलिमीटरची असते, केसासारखी बारीक, आणि बहुतेकांना बोट टोचून शुगर तपासतानाच जास्त दुखतं. क्लिनिकमध्ये मी करून दाखवलं तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटतं आणि घरी गेल्यावर अर्धं विसरतं, म्हणून हे लिहून दिलंय. तुम्हाला मिक्स इन्सुलिन दिलंय, 30/70 वालं, दिवसातून दोनदा, सकाळच्या नाश्त्याआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी. किती युनिट आणि किती मिनिटं आधी ते तुमच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, शेजारणीचा डोस किंवा भावाचा डोस बघून काही बदलायचं नाही.

घ्यायचं कसं

आधी साबणाने हात धुवायचे, पुसायचे, चष्मा लावायचा. चष्मा लावा म्हणजे लावाच, कारण 12 आणि 21 मधला फरक अंदाजाने कळत नाही. लाइट लावा, खुर्चीत बसा. पेनावरचं नाव वाचा. घरात दोघं नवरा-बायको इन्सुलिनवर असाल तर एकाच्या पेनाला लाल रबर लावून ठेवा, आणि सुई बदलली तरी एकमेकांचं पेन कधीच वापरायचं नाही, रक्ताचा अंश आत जाऊ शकतो.

मिक्स इन्सुलिन दुधाळ असतं आणि ठेवल्यावर खाली साका बसतो. देवाची वात वळतो ना, तसं पेन दोन्ही तळहातांत 10 वेळा फिरवायचं, मग 10 वेळा सावकाश वर-खाली उलटं-सुलटं करायचं. औषधाच्या बाटलीसारखं जोरात हलवायचं नाही. सगळीकडे सारखं दुधासारखं दिसलं पाहिजे, गुठळ्या किंवा कण दिसले तर ते पेन बाजूला ठेवून आम्हाला फोन करा.

मग नवीन सुई सरळ धरून फिरवून बसवायची. सुईला दोन टोपणं असतात, बाहेरचं मोठं आणि आतलं छोटं, आणि दोन्ही काढायची. हे मी मुद्दाम लिहितेय. एक काकू आठवडाभर आतलं टोपण न काढता पेन पोटाला दाबत होत्या, बटण दाबलं की ओलं लागायचं, त्यांना वाटायचं झालं घेऊन, आणि शुगर मात्र 300 च्या वर. चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी नीट दाखवलंच नव्हतं.

आता 2 युनिट फिरवून सुई वर धरून बटण दाबायचं, टोकाला टीपूस दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर परत 2. हे वाया जाणारं इन्सुलिन नाही, पेन चालू आहे आणि आत हवा नाही याची खात्री आहे ही, दर वेळी करायची. त्यानंतर तुमचा डोस फिरवा आणि खिडकीतला आकडा वाचा. टकटक मोजून डोस लावायचा नाही, जास्त फिरलं तर उलटं फिरवून कमी करता येतं.

सुई सरळ उभी, काटकोनात टोचायची. अंग फार बारीक असेल तर अंगठा आणि बोटाने कातडी हलकी उचलून धरा, चिमटा काढल्यासारखी नाही. बटण शेवटपर्यंत, आकडा 0 वर येईपर्यंत दाबायचं आणि दाबूनच ठेवून सावकाश 10 आकडे मोजायचे, मग सुई बाहेर. या 10 आकड्यांत घाई झाली की औषध बाहेर गळतं. आकडा 0 वर आलाच नाही, मध्येच 6 वर थांबला, तर पेन संपलंय, उरलेले 6 युनिट नव्या पेनातून घ्यायचे. टोचलेली जागा चोळायची नाही. साडी, धोतर, लेंगा यांच्या वरून टोचायचं नाही.

सुई एकदाच वापरायची आणि लगेच काढायची, पेनाला लावून ठेवली तर आत हवा जाते आणि थेंब-थेंब गळत राहतं. काढताना मोठं टोपण टेबलावर ठेवून त्यात सुई घालायची, हाताने धरून नाही. सुया महाग पडत असतील तर मोकळेपणाने बोला, लाज वाटायचं काही कारण नाही, काहीतरी मार्ग काढू. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका आणि भरली की इकडे आणून द्या, कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला लागते हो.

जागा बदलणं, हे सगळ्यात महत्त्वाचं

एक आजोबा आठ महिने बेंबीच्या उजवीकडे दोन बोटांच्या जागेतच घेत होते. विचारलं तर म्हणाले, तिथे दुखत नाही ना. बरोबर आहे, दुखत नाही, कारण तिथे चरबीची गाठ झालेली असते. मी हात फिरवला तर कातडीखाली भिजवलेल्या कणकेचा गोळा ठेवल्यासारखं लागलं. अशा गाठीत गेलेलं इन्सुलिन कधी उशिरा रक्तात जातं, कधी एकदम, त्यामुळे शुगर सकाळी 280 आणि दुपारी 60, आणि आपण म्हणतो औषधच लागू पडत नाही.

म्हणून पोटाचे चार भाग समजा, भाकरीचे चार तुकडे करतो तसे, मध्ये बेंबी. बेंबीपासून दोन बोटं लांब राहायचं. एक आठवडा एक भाग, पुढच्या आठवड्यात घड्याळाच्या दिशेने पुढचा, आणि त्या भागातही आजची जागा कालच्यापासून एक बोट सरकवून. कॅलेंडरवर रविवारी 1, 2, 3, 4 लिहून ठेवा, नातवंडांना सांगितलं तर ती आवडीने लिहितात. मांडीचा वरचा बाहेरचा भागही चालतो, पण सकाळी पोट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी असं करू नका, शोषण्याचा वेग वेगळा असतो. दंडात स्वतःचं स्वतः नीट घेता येत नाही, तो नाद सोडा. आठवड्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट चाचपून बघा. गाठ लागली तर तिथे बंद, पण आम्हाला कळवा, कारण चांगल्या जागेवर तोच डोस जास्त लागू पडून शुगर खाली जाऊ शकते.

ठेवायचं कुठे

न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, 2 ते 8 डिग्रीत, मधल्या कप्प्यात डब्यात. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी फेकायचं. चालू पेन बाहेर ठेवता येतं, 30 डिग्रीच्या आत, साधारण 4 आठवडे, आणि सुरू केलेली तारीख पट्टी चिकटवून लिहायची. गॅसजवळ, टीव्हीवर, फ्रिजच्या डोक्यावर, उन्हातल्या गाडीत ठेवायचं नाही.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातच 35 च्या वर जातं. तेव्हा चालू पेनही फ्रिजच्या दारात ठेवा आणि घ्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गार इन्सुलिन झोंबतं. फ्रिज नसेल किंवा लाइट जात असेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात कोरड्या डब्यात पेन, वर ओलं फडकं, आणि सावलीत वाऱ्याला ठेवायचं. एसटीने पंढरपूरला जाताना पेन हातातल्या पिशवीत, डिकीत नाही, आणि थेट बर्फावर तर नाहीच.

शुगर खाली गेली तर

घाम, थरथर, एकदम भूक, छातीत धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखं होणं. मशीन जवळ असेल तर बघा, 70 च्या खाली असेल किंवा बघायला वेळच नसेल तर लगेच 3 चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, 15 मिनिटांनी परत तपासायचं, तरी कमी असेल तर परत तेवढीच, आणि बरं वाटल्यावर पोळी-भाजी काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ 108 ला फोन करा.

इन्सुलिन घेतलं की जेवण टाळायचं नाही. एकादशी, नवरात्र असेल तर चार दिवस आधी येऊन विचारा. उलट्या-जुलाब झाले, जेवण जात नाही, तर स्वतःच्या मनाने डोस बंद करू नका आणि रोजचा तसाच घेऊही नका, त्याच वेळी फोन करा, नंबर फाइलच्या पहिल्या पानावर आहे. पुढच्या वेळी येताना पेन, सुया आणि शुगरची वही बरोबर आणा, आणि तुम्ही कसं घेता ते मला एकदा करून दाखवा.