केळीवरचा सीएमव्ही, म्हणजे हरण्या हा विषाणूरोग: बोलायची टिपणं (रावेर, एकूण ४ मिनिटं)

अण्णा, तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या एका स्लाइडवर अकरा मुद्दे कोंबलेत, म्हणून तीन स्लाइड केल्या. वाचू नका, बोला.

स्लाइड १ (०:०० ते ०:४०)
"राम राम मंडळी. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पण हरण्या आला की बागेला मानांकन वाचता येत नाही." (हसू द्या, थांबा.)

स्लाइड २ (०:४० ते ३:००)
इथेच वेळ घाला. पिवळट पट्ट्यांच्या पानाचा फोटो दाखवा. "हा विषाणू आहे. याच्यावर औषध नाही. फवारणी होते ती माव्यावर, कारण मावा रोग पसरवतो. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. त्यातलं एक रोगट झाड जपलंत, तर शेजारची जातील. कंदासकट उपटा, बागेबाहेर जाळा किंवा गाडा." विचारा: "कोणी उपटून बांधावरच टाकलंय?" हात वर होतीलच.

स्लाइड ३ (३:०० ते ३:४०)
"बागेत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो नको, हा विषाणू त्यांच्यावरही जगतो. तणावरही जगतो, म्हणून तण काढा." बस्स.

उरलेले २० सेकंद माईकच्या खरखरीसाठी. ठिबकचे चार मुद्दे गाळलेत; कुणी विचारलं तरच सांगा.