क्रोशाचा मासिक डबा: सांगलीहून पहिल्या सहा महिन्यांची आखणी

दर महिन्याला एका क्रोशाकामाचं सामान घरपोच देणारा हा डबा सुरू करायचा सप्टेंबरपासून, 80 वर्गणीदार धरून. त्याआधी निवड, पाठवणीचा खर्च आणि वर्गणी रद्द करण्याचे नियम पक्के व्हायला हवेत. ही तीन कामं तिघींनी वाटून घेतली तर गडबड होईल, कारण तिन्हींचं मूळ एकच आहे: डब्यात नेमकं किती काम भरायचं. काम जास्त झालं तर वजन वाढतं आणि कुरिअरच्या दराचा टप्पा बदलतो. विणकाम महिन्यात पुरं होत नाही, आणि मग पुढचा डबा नको वाटतो. म्हणून आधी मोजमाप ठरवलंय, वस्तू त्यात बसवल्यात.

मोजमाप असं: आठ ते दहा तासांत पुरं होणारं एक काम, 150 ग्रॅम सुती दोरा, 22 × 16 × 6 सेंटिमीटरचा तीनपदरी पुठ्ठ्याचा डबा. यापलीकडे जाणारी कल्पना कितीही सुंदर असली तरी बाजूला ठेवायची.

काय भरायचं

सप्टेंबर: चार कोस्टर. साखळी, मुका खांब आणि खांब हे तीन टाके यात येतात. 3 आणि 3.5 मिलिमीटरच्या दोन सुया फक्त याच डब्यात. दर महिन्याला सुई दिली की खर्च वाढतो आणि घरात सुयांचा ढीग होतो. उरलेल्या दोऱ्यात नवशिक्यांनी हात बसवायचा.

ऑक्टोबर: दाराचं तोरण. दिवाळीच्या निदान तीन आठवडे आधी डबा हातात पडला पाहिजे. ज्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरमध्ये येते त्या वर्षी तोरण सप्टेंबरात आणि कोस्टर ऑक्टोबरात.

नोव्हेंबर: बाळाचं टोपडं आणि मोजे. इथे लोंबणारे मणी, बटणं काही नको, बाळ तोंडात घालतं.

डिसेंबर: हळदीकुंकवाच्या वाणासाठी पाच छोटे बटवे. हे जानेवारीत पाठवून उपयोग नाही. वाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लुटतात, विणायला त्याआधीचे दिवस हवेत.

जानेवारी: रुखवतातला एक नग, ताटावरचा रुमाल. फेब्रुवारी: बाजाराची जाळीदार पिशवी. तिला 110 ते 120 ग्रॅम दोरा लागतो, म्हणजे सहा डब्यांत हीच सर्वांत घट्ट बसणारी. पट्टा दुहेरी मुक्या खांबाचा करायचा मोह टाळायचा. दोरा तिथेच संपतो.

दोऱ्याचा हिशेब नमुन्यावरून करायचा, पण एकीच्या हातावरून नाही. प्रत्येक काम तिघींनी विणून बघायचं: एक घट्ट हाताची, एक सैल हाताची, एक नवशिकी. सैल हाताला तेवढ्याच टाक्यांसाठी सहज 15 टक्के दोरा जास्त लागतो. सर्वांत जास्त लागलेल्या आकड्यावर आणखी 10 टक्के धरून डब्यात घालायचा. शेवटच्या ओळीला दोरा संपणं याहून चिडवणारी गोष्ट क्रोशात नाही. विणणारीला दुकानात तोच रंग मिळेलच असंही नाही.

रंगाचं खास बघायला हवं. एकाच क्रमांकाचा रंग दोन वेगवेगळ्या घाण्यांतून आला की उजेडात फरक दिसतो, आणि विणल्यावर तो पट्ट्यासारखा उठतो. म्हणून 80 डब्यांचा 12 किलो आणि राखीव मिळून 13.2 किलो दोरा एकाच लॉटचा मागवायचा. गुंड्यांवरचा लॉट नंबर माल घेतानाच तपासायचा आणि राखीव दोरा त्याच नंबरच्या चिठ्ठीसह वेगळा ठेवायचा. हे पॅकिंगच्या दिवशी लक्षात आलं तर काही करता येत नाही. पहिल्या दोन डब्यांत काळा आणि गडद निळा टाळायचा, टाका दिसत नाही. केसाळ लोकर तर सहाही महिने नको. चुकलं की उसवता येत नाही, आणि शिकणाऱ्याचं निम्मं शिकणं उसवण्यातच असतं.

पुस्तिका ए-पाच आकाराची, आठ पानी. शब्दांतल्या ओळींसोबत खुणांचा नकाशा हवाच. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाक्यांची संख्या छापायची. ती नसेल तर एक टाका कमी पडल्याचं सहाव्या ओळीत कळतं आणि फोन सुरू होतात.

डब्याचं माप आणि पाठवणी

वजन: दोरा 150, पुठ्ठा 85, पुस्तिका 40, टाका-खुणा व शिवणाची सुई मिळून 25, कागद-टेप-पिशवी 15. एकूण 315 ग्रॅम. पहिल्या डब्यात दोन सुयांचे 20 वाढतील. म्हणजे 500 ग्रॅमच्या टप्प्यात भरपूर जागा उरते असं वाटेल. पण कुरिअरवाला आकारमानाचं वजनही काढतो: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायची, आणि दोन्हींतलं जास्त ते धरायचं.

22 × 16 × 6 = 2112, भागिले 5000, म्हणजे 0.42 किलो. चाललं. पण दोऱ्याचे गोल गुंडे तसेच कोंबले आणि झाकण 8 सेंटिमीटरपर्यंत फुगलं, तर 0.56 किलो होतं आणि बिल एक किलोचं लागतं. त्यामुळे गुंडे जसे येतात तसे भरायचे नाहीत. 50 ग्रॅमच्या चपट्या चकत्या गुंडाळणी यंत्रावर करायच्या, उंची 5 सेंटिमीटर, व्यास 8. तीन चकत्या तिरप्या रचल्या की बरोब्बर बसतात, पुस्तिका तळाशी. बंद केलेल्या प्रत्येक दहाव्या डब्यावर पट्टी लावून उंची बघायची.

मिळालेला भाव, कर वगळून: राज्यात 500 ग्रॅमला 48 रुपये, राज्याबाहेर 72. एक किलोला 80 आणि 125. शंभरात सत्तर डबे राज्यात जातील असं धरलं तर सरासरी 55 रुपये. टप्पा ओलांडला की तीच सरासरी 93.50 होते. डब्यामागे 38 रुपये नुसत्या फुगवट्यापायी.

जत, आटपाडी, खानापूरकडच्या काही वाड्या-वस्त्यांवर खाजगी कुरिअर घरपोच देत नाही, पार्सल तालुक्याला पडून राहतं. पिनकोड आधी तपासायचा आणि तिथे पोस्टाने पाठवायचं. पत्त्यात घराजवळची खूण आणि चालू फोन नंबर सक्तीचा. परत येणाऱ्या पार्सलांची मुख्य कारणं तीन: अर्धवट पत्ता, बंद फोन, बंद दार. पैसे घरी डबा आल्यावर द्यायची सोय ठेवायची नाही. नाकारलेल्या डब्याचं जाण्याचं आणि येण्याचं भाडं आपल्यालाच पडतं.

माल विश्रामबागेतच ठेवायचा. गणपती पेठेत गाळा स्वस्त मिळतोय, पण 2019 आणि 2021 च्या पुरात त्या भागात पाणी आलं होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आहे, धोक्याची 45. जुलै-ऑगस्टमध्ये पातळी 40 च्या दिशेने चढू लागली की त्याच दिवशी वर्गणीदारांना उशिराची सूचना द्यायची, रस्ते बंद होण्याची वाट बघायची नाही. ओल्या हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि सुताला कुबट वास धरतो, म्हणून दोरा बंद पिशवीत आणि सोबत सिलिका जेलची पुडी.

किंमत

डबा 599 रुपये, पाठवणी आणि कर धरून. वेगवेगळ्या वस्तू एका किमतीत विकल्या की त्यांतल्या सर्वांत जास्त दराचा जीएसटी सगळ्या किमतीला लागू होऊ शकतो. म्हणून हिशेब 18 टक्क्यांनी केलाय. कर सल्लागाराने कमी दर लेखी दिला तर उरेल ते जास्तीचं. परराज्यात माल विकायचा असल्याने उलाढाल लहान असली तरी नोंदणी आधी घ्यायची.

कर वजा जाता हातात 507. त्यातून दोरा 165, बारीक सामान 35, छपाई 28, डबा 16, टेप-पुडी-लेबल 9, पॅकिंगची मजुरी 12, पाठवणी 55, ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च 12, परत आलेल्या किंवा हरवलेल्या डब्यांसाठी 10. एकूण 342. उरले 165. महिन्याचा ठरलेला खर्च 9,500: नमुना तयार करणारीला 4,000, फोटोंना 2,000, हिशेब आणि बाकी 3,500. म्हणजे 58 डब्यांवर खर्च निघतो. 80 डब्यांवर 3,700 उरतात. हे थोडे आहेत, आणि म्हणूनच पहिल्या महिन्याची अर्धी किंमत, फुकट भेटवस्तू वगैरे काही नाही. सुयांचा जास्तीचा खर्च सुरुवातीच्या भांडवलातून.

महिन्याचा क्रम आणि रद्द करणं

दोरा 45 दिवस आधी मागवायचा. 2 तारखेला व्हॉट्सॲपवर पुढच्या डब्याचा फोटो आणि "5 ला 599 रुपये वळते होतील" हा निरोप. बँकेची सूचना निदान 24 तास आधी जातेच, पण तिच्यात डब्यात काय आहे ते नसतं. 4 ला रात्री 12 पर्यंत रद्द किंवा खंड. 5 ला वळती. खात्यात पैसे नसतील तर 7 आणि 9 ला पुन्हा, त्यानंतर तो महिना सोडायचा, मागे तगादा नाही. पॅकिंग 12 व 13, रवानगी 14.

काही जणी आपल्याला न कळवता यूपीआय ॲपमधूनच परवानगी काढून घेतील. 6 आणि 10 तारखेला यादी पडताळायची आणि अशांना रद्दच धरायचं, "का सोडलंत" म्हणून फोन करायचा नाही.

रद्द करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणींना खरं तर थांबायचं नसतं, मागचं काम अर्धं पडलेलं असतं. त्यांच्यासाठी "हा महिना नको" हा पर्याय रद्दच्या शेजारीच, तितक्याच मोठ्या अक्षरात. पण रद्दचं बटण लपवायचं नाही. वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं अवघड ठेवणं हे 2023 च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक तत्त्वांत फसवी पद्धत म्हणून गणलंय. तसं नसतं तरी आपण ते केलं नसतं. गावातल्या बायकांचा विश्वास एकदा गेला की जाहिरातीने परत येत नाही.

वर्गणीदाराला दिसणारा मजकूर असा:

"वर्गणी केव्हाही थांबवता येते. महिन्याच्या 4 तारखेला रात्री 12 पर्यंत 'रद्द' असं लिहून पाठवा, कारण सांगायची गरज नाही. त्या महिन्यापासून पैसे कापले जाणार नाहीत. एखादाच महिना नको असेल तर 'खंड' लिहा, लागोपाठ दोन महिने चालेल. 4 तारखेनंतर कळवलंत तर त्या महिन्याचा डबा येईल आणि पुढून वर्गणी थांबेल. तीन महिन्यांची वर्गणी 1,699 रुपये. मध्येच थांबल्यास मिळालेले डबे प्रत्येकी 599 ने धरून उरलेली रक्कम, म्हणजे एका डब्यानंतर 1,100 आणि दोन डब्यांनंतर 501, सात कामाच्या दिवसांत ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत. डब्यात काही कमी असेल किंवा दोरा खराब असेल तर फोटो पाठवा. तेवढी वस्तू आमच्या खर्चाने येईल, डबा परत पाठवू नका."

शेवटचं वाक्य खर्च बघूनच घातलंय. 25 रुपयांच्या सुईसाठी पूर्ण डबा परत मागवला तर भाडंच दुप्पट होतं.

राखीव दोऱ्यातून भरलेले जास्तीचे आठ डबे दर महिन्याला 15 तारखेनंतर सुटे विकायचे, 649 रुपयांना. लागोपाठ दोन महिने आठही शिल्लक राहिले तर पुढची दोऱ्याची मागणी 10 ऐवजी 5 टक्के राखीव धरून. एका महिन्यात 12 पेक्षा जास्त जणींनी "खंड" लिहिला तर त्या महिन्याचं काम मोठं झालंय असं समजून पुढचा नमुना दोन तासांनी लहान करायचा.