विषय: फंक्शनल सेफ्टी लीड, हिंजवडी: माझी नोटिस, अपेक्षा आणि परत येण्याबद्दल

नमस्कार स्नेहल मॅडम,

काल फोनवर आपण मराठीत बोललो, म्हणून मेलही मराठीतच लिहितो. तुमच्या टीमला पुढे पाठवायला इंग्रजी सीव्ही सोबत जोडला आहे.

तुम्ही विचारलंत, "नक्की परत येताय ना?" प्रश्न रास्त आहे. ऑफर घेऊन ऐनवेळी तिकडेच राहिलेले लोक तुम्हाला भेटलेच असतील. आम्ही नऊ वर्षं श्टुटगार्टजवळ आहोत. बाबांना पार्किन्सन्स आहे, आई एकटी सगळं बघते आणि वर्षातून तीन आठवड्यांच्या सुट्टीत भागेल अशी स्थिती आता राहिलेली नाही. कोथरूडचं घर आहेच. बायकोने तिच्या कंपनीत पुण्याच्या ऑफिसात बदली मागितली होती, ती मंजूरही झाली आहे. मुलगी सात वर्षांची. मराठी घडाघडा बोलते, वाचते मात्र जर्मन. जूनमध्ये तिची शाळा सुरू व्हायला हवी, त्यामुळे तारीख माझ्याइतकीच तिचीही आहे.

आता नोटिस. माझ्या करारात तीन महिने आहेत आणि ते महिनाअखेरीपासून मोजले जातात. म्हणजे ३१ जानेवारीपर्यंत राजीनामा दिला तर शेवटचा दिवस ३० एप्रिल. तो २ फेब्रुवारीला दिला तर थेट ३१ मे. दोन दिवसांत महिना जातो. शिवाय इथे राजीनामा कागदावर, हाताने सही करून द्यावा लागतो, ईमेल चालत नाही. पैसे भरून नोटिस कमी करायची आपल्याकडची पद्धतही इथे नाही; कंपनीने राजीखुशीने आधी सोडलं तरच. माझी १८ दिवसांची रजा शिल्लक आहे, ती शेवटी टाकून मी एप्रिलमध्येच पुण्यात पोचेन, पण करार संपेपर्यंत रुजू होणार नाही. १८ मे ही तारीख मी छातीठोकपणे देऊ शकतो. त्यासाठी सही केलेलं ऑफर लेटर २८ जानेवारीपर्यंत हातात हवं. तोंडी होकारावर मी राजीनामा देणार नाही. मागच्या वर्षी एका ठिकाणी चार फेऱ्या झाल्या, "अभिनंदन" म्हणून फोन आला आणि पुढे ती जागाच गोठवली. राजीनामा दिला नव्हता म्हणून वाचलो.

पगाराबद्दल. तुमच्या फॉर्ममध्ये "सध्याचा सीटीसी, लाखांत" असा रकाना आहे. तो मी मुद्दाम कोरा ठेवला. माझा वर्षाचा पगार ८४,००० युरो आहे, करांच्या आधी. त्याला रुपयांनी गुणून येणारा आकडा ना तुमच्या उपयोगाचा, ना माझ्या. इथलं घरभाडं, कर, पाळणाघर यांचा त्यात हिशेब नाही. माझी अपेक्षा ४६ लाख, त्यात फिक्स्ड किमान ४०. व्हेरिएबल आणि ग्रॅच्युइटी धरून ४६ होत असतील तर चालेल, पण जॉइनिंग बोनस घालून नको. तो पुढच्या वर्षी नसतो. सामान हलवायचा खर्च एकदाच मिळाला तर बरं. वर्षाच्या आत सोडलं तर परत करायची अट मान्य आहे.

पैशांत मी थोडं खालीवर होईन, कामाच्या स्वरूपात नाही. इथे ब्रेक कंट्रोलवर आयएसओ २६२६२ चं सेफ्टी कॉन्सेप्टपासून असेसमेंटपर्यंतचं काम स्वतः केलं आहे. पुण्यात फक्त जर्मनीहून आलेली कागदपत्रं भरायची असतील तर आत्ताच सांगा, दोघांचाही वेळ वाचेल.

"इथे जमेल का?" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पॅनेल विचारेल. जर्मनीला येण्याआधी चार वर्षं पुण्यातच नोकरी केली आहे, आणि गेली पाच वर्षं रोज सकाळी आठला, म्हणजे तुमच्या हिवाळ्यातल्या साडेबाराला, पुण्याच्या टीमबरोबर बसतो. रिव्ह्यूमध्ये क्लायंटला तोंडावर "हे होणार नाही" म्हणायची सवय लागली आहे. ती पुण्यात थोडी मऊ करावी लागेल, हे ठाऊक आहे. रात्री साडेनऊचे कॉल आठवड्यातून दोन ठीक, रोज नाही. बाबांच्या औषधांची ती वेळ आहे. आणि ऑफिस हिंजवडीलाच राहील ना? चाकणला हलणार असेल तर कोथरूडहून रोजचं येणं-जाणं धरून मला वेगळा विचार करावा लागेल.

दोन किरकोळ गोष्टी. राजीनाम्याआधी माझ्या सध्याच्या मॅनेजरला कृपया फोन जाऊ नये. पडताळणीसाठी जुन्या दोन सहकाऱ्यांचे नंबर देतो. इथलं अनुभवपत्र नोकरी संपल्यावरच मागणार आहे, आधी मागितलं की लगेच कुजबुज सुरू होते. आणि माझं जुनं पीएफ खातं तसंच आहे, यूएएन देईन, नवीन काढू नका.

या आठवड्यात गुरुवारी किंवा शुक्रवारी तुमच्या दुपारी दीडनंतर केव्हाही बोलू शकतो.

आपला,
मंदार