पान सुटण्याआधी

रात्री साडेनऊला पान सुटायचं होतं आणि पावणेनऊला सायलीची नजर त्या चौकटीवर अडली. दुसऱ्या दिवशी २९ फेब्रुवारी. मोरारजी देसाईंच्या जयंतीनिमित्त बाहेरच्या लेखकाकडून आलेला मजकूर, मथळा ‘चार वर्षांनी येणारा वाढदिवस’. पहिल्याच ओळीत जन्म : २९ फेब्रुवारी १८९५.

तिने मनातल्या मनात चारने भागून पाहिलं. भाग जात नव्हता.

“सर, १८९५ला २९ फेब्रुवारी आलीच नव्हती.”

वृत्तसंपादक पहिल्या पानाच्या मथळ्यात गुंतले होते. “मग साल कोणतं?”

“१८९६ असणार.”

“असणार नको. दोन ठिकाणी बघ. आणि लेखकाला विचार.”

लेखकाचा फोन बंद होता. पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावर माजी पंतप्रधानांची माहिती सापडली : जन्म २९ फेब्रुवारी १८९६, गाव भदेली. एक झालं. आणखी तीन संकेतस्थळांवरही १८९६च होतं. तिने चारही खिडक्या शेजारी शेजारी लावून सरांना दाखवल्या.

ते दोन क्षण वाचत राहिले. “वाक्यं बघ. स्वल्पविरामसुद्धा तेच आहेत. एकानं लिहिलं, तिघांनी उचललं. हा सगळा मिळून एकच आधार.”

नऊ वाजून गेले होते. संदर्भ विभाग बंद झाला होता, पण ग्रंथपालांनी फोनवर किल्लीची जागा सांगितली. कपाटात आधी हाताला लागलं ते कात्रणांचं पाकीट. मार्च १९७७चं पिवळं पडलेलं कात्रण, शपथविधीची बातमी. घडीवर कागद फाटला होता. नव्या पंतप्रधानांना ८२वं वर्ष चालू असल्याचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात होता. सायली तिथेच थबकली. १९७७मधून ८२ वजा केले की १८९५. लेखकाने बहुधा हेच केलं होतं. पण चालू वर्ष ८२वं म्हणजे पूर्ण झालेली ८१, आणि १९७७मधून ८१ गेले की १८९६. कात्रण बरोबर होतं, वजाबाकी चुकली होती. असल्या चुका फार चिवट असतात. त्यांना आकड्यांचा आधार असतो, म्हणून कुणी शंका घेत नाही.

तरी कात्रणात जन्मसाल छापलेलं नव्हतं. त्यावरून काढलेलं साल हे तिचं गणित झालं, आधार नव्हे.

खालच्या फळीवर मोरारजींचं आत्मचरित्र होतं. पानं एकमेकांना चिकटली होती. पहिल्याच प्रकरणात बालपण, आणि तिथे तारीख सालासकट : २९ फेब्रुवारी १८९६. तिने पानाचा फोटो काढला आणि पुस्तक काखेत मारून जिना चढली.

नऊ वीस.

“सर, हे त्यांच्याच शब्दांत.”

सरांनी ओळ वाचली, पुस्तक मिटलं नाही. “सरकारी माहितीसुद्धा मुळात त्यांनीच दिलेली असेल तर?”

हा प्रश्न तिला जिन्यातच पडला होता. “असेल. पण दिनदर्शिका त्यांनी दिलेली नाही. २९ तारीख धरली तर १८९२, १८९६ किंवा १९०४, एवढीच सालं उरतात. १९७७च्या बातमीतलं ८२वं वर्ष त्यातल्या फक्त १८९६शी जुळतं.”

“मधलं १९००?”

“शतकाचं वर्ष. ४००ने भाग जात नाही, म्हणून लीप नाही.”

“कर दुरुस्ती.”

तिने ५चा ६ केला. पानावर काम करणाऱ्याने माउस ‘पाठवा’वर नेला होता, तेवढ्यात सायलीच्या डोळ्यांपुढे चौकटीची शेवटची ओळ आली : ‘९९ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या वाट्याला खरे वाढदिवस आले अवघे २४.’

“थांब. एकच मिनिट.”

“ताई, साडेनऊ होतायत.”

“माहितीय.” तिने कागद ओढला. पहिला वाढदिवस १९००चा धरलेला दिसत होता, आणि तो तर आलाच नव्हता. म्हणजे मोरारजींना पहिला खरा वाढदिवस लाभला तो १९०४ला, वयाच्या आठ वर्षांनंतर. मृत्यू १० एप्रिल १९९५. शेवटचा वाढदिवस १९९२चा. १९०४, १९०८, १९१२... ती एकेक साल लिहीत गेली. डोक्यातल्या भागाकारावर या घडीला तिचा विश्वास नव्हता. तेवीस. पुन्हा खालून वर मोजले. तेवीस. ‘९९ वर्षांच्या’ हेही तिने पडताळलं. १८९६ ते १९९५, पूर्ण ९९. लेखकाच्या आधीच्या सालाने ते १०० झाले असते. म्हणजे त्याच्याच मजकुरात दोन ओळी एकमेकींशी भांडत होत्या आणि कुणाला दिसलं नव्हतं.

“२४चे २३ कर. आणि पुढे जोड, ‘पहिला, आठव्या वर्षाअखेर’.”

“जागा नाही ताई.”

“‘अवघे’ काढ.”

त्याने शब्द उडवला, ओळ बसवली. सरांनी मागून वाकून चौकट वरपासून खालपर्यंत वाचली आणि हाताने खूण केली. पान सुटलं, नऊ बत्तीसला.