काका, दुकानात स्कॅनर लावूया

काका, गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी तुमच्या दुकानात उभी होते. मळेकरणी देवीला आलेलं चंदगडकडचं एक कुटुंब परतीच्या वाटेवर थांबलं. दोन नारळ, तेलाची पिशवी, पोरांना बिस्किटं, सगळं कट्ट्यावर मांडून झालं. तुम्ही वहीच्या कोपऱ्यावर ३४० चा हिशेब केलात आणि त्या बाईंनी विचारलं, "स्कॅनर हाय काय?" तुम्ही मान हलवलीत. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं खिसे चाचपले, आणि बिस्किटाचा एक पुडा तेवढा घेऊन ती माणसं गेली. बाकीचा माल तुम्ही मुकाट्यानं परत फळीवर ठेवलात. ते बघून मला फार वाईट वाटलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून देते. दुपारी गिऱ्हाईक नसताना निवांत वाचा, काकूंनाही वाचून दाखवा.

मी बँकेत कामाला आहे म्हणून गळ घालत नाही. तुमच्याच दुकानातून पाटी-पेन्सिल उधार नेऊन मी शाळा शिकले. तुमचा धंदा रोखीवर आणि उधारीच्या वहीवर चालत आला, आणि ती वही कुणी काढून घेणार नाही. रोकड घेऊन येणारी म्हातारी माणसं तशीच येतील, त्यांच्याकडून रोखच घ्या. खरं गावातला पैसा आता कुठं येतो ते बघा. शिनोळीच्या कारखान्यांत जाणाऱ्या पोरांचा पगार खात्यात जमा होतो. बायकांना गृहलक्ष्मीचे महिन्याचे २००० रुपये खात्यातच येतात. तो पैसा काढायला एटीएमला जायचं तर अर्धा दिवस मोडतो. आणि एकदा बेळगावला गेलं की माणूस तिथल्याच दुकानातून पिशवी भरून आणतं. तोच पैसा गावात बसून तुमच्याकडं द्यायची सोय झाली, तर तो गावातच राहील.

खर्चाचं म्हणाल, तर यूपीआय २०१६ साली सुरू झालं आणि जानेवारी २०२० पासून खात्यातून खात्यात आलेल्या पैशावर दुकानदाराला कमिशन द्यावं लागत नाही. गिऱ्हाइकानं १०० दिले की तुमच्या खात्यात १०० च पडतात. क्यूआरचा कागद फुकट मिळतो. बोलणाऱ्या स्पीकरला मात्र महिन्याचं भाडं असतं, ते मी लपवत नाही. तुम्ही मोबाईल घेऊन रविवार पेठेत माल भरायला गेलात की दुकानात काकू एकट्या असतात. पैसे आले की नाही हे त्यांना कानानं कळायला हवं, म्हणून तुमच्याकडं तो घ्यावाच असं माझं मत आहे. त्याच्यात स्वतःचं सिम आणि बॅटरी असते, म्हणजे करंट गेला तरी तो बोलतो. भाषा मराठी लावू. भाडं किती कापणार हे सही करण्याआधी मी स्वतः वाचून बघेन.

आता तुमच्या मनातली खरी भीती, जीएसटीची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, आणि कितीतरी जणांनी स्कॅनर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. तुम्ही ते ऐकलंय, आणि घाबरलात यात तुमचं काही चुकलं नाही. पुढं मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांना बोलावून जुनी थकबाकी वसूल करणार नाही, खरं नोंदणी करावी लागेल, असं सांगितलं. पण मूळ नियम समजून घ्या. माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. म्हणजे रोजची विक्री साधारण ११,००० च्या घरात पाहिजे. तुमची पाच-साडेपाच हजार होते असं तुम्हीच मला सांगितलंत, म्हणजे वर्षाला वीस लाख. आणि उलाढाल म्हणजे रोख धरून सगळी विक्री. स्कॅनर लावला म्हणून मर्यादा खाली येत नाही, आणि नाही लावला म्हणून वर जात नाही. उद्या धंदा वाढून मर्यादा ओलांडलीच, तर दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला १ टक्क्याची कंपोझिशन योजना आहे.

एक काळजी मात्र घ्यावीच लागेल. दुकानाचं खातं वेगळं ठेवायचं. पुण्याहून पोरगा पाठवतो ते पैसे, भिशीचे, मेव्हण्यानं परत केलेले हातउसने, हे सगळं त्याच खात्यात पडलं तर कागदावर ती तुमची विक्री दिसते, आणि मग समजावत बसावं लागतं. वेगळं खातं असलं की हा घोळच होत नाही. उलट चार वर्षांचा स्वच्छ हिशेब हाताशी असला, तर फ्रिजसाठी मुद्रा कर्ज मागायला जाल तेव्हा बँकेला दाखवायला काहीतरी असेल. आज तुमच्याकडं नुसती वही आहे. मी ती मानते, बँक मानत नाही.

फसवणुकीबद्दल दोनच गोष्टी काकूंच्या मनावर ठसवा. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरची हिरवी खूण बघून माल द्यायचा नाही, कारण तसं चित्र दाखवणारी खोटी ॲप निघाली आहेत. स्पीकर बोलला की माल द्यायचा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतोय, जरा पिन टाका" असं कुणी म्हणालं की तो चोर समजायचा. कागदावर रात्री कुणी दुसरं स्टिकर चिकटवू नये म्हणून तो आत, गल्ल्याच्या काचेमागं लावू. सकाळी दार उघडलं की उदबत्ती लावताना त्यावर एक नजर टाकायची.

पावसाळ्यात रेंज जाते हे मला माहीत आहे. तेव्हा रोख घ्या, नाहीतर वहीत लिहा, ओळखीच्या माणसाला तुम्ही कधी अडवलंय? कधी गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात आणि तुमच्याकडं पोचत नाहीत. तसं झालं तर भांडायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत ते त्याच्या खात्यात परत जायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तेवढं त्याला सांगायचं.

आणि सुट्ट्या पैशांचा रोजचा ताप! ४७ रुपयांचं बिल, समोर ५०० ची नोट, आणि तुम्ही तीन रुपयांच्या जागी पेपरमिंट काढून देता. पोरं खूश होतात, मोठी माणसं तोंड वाकडं करतात. स्कॅनरवर ४७ म्हणजे ४७. रविवार पेठेतल्या होलसेलवाल्यालाही इथूनच पैसे पाठवता येतील. वीस-वीस हजार कमरेला बांधून एसटीच्या गर्दीत उभं राहायचं काकूंना किती जिवावर येतं, ते त्यांनी मला दोनदा सांगितलंय.

गुरुवारी दुपारी तीनला मी येते, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. आधार, पॅन, पासबुक आणि खात्याला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा, चार्ज करून ठेवा. खातं वेगळं काढायचा अर्ज मीच भरते, सही तेवढी तुमची. मग माझ्या मोबाईलवरून पहिला एक रुपया पाठवून बघू, आणि काकूंना तिथंच बसवून चार-पाच वेळा करून दाखवते. महिनाभर वापरून पटलं नाही, तर कागद मी माझ्या हातानं काढेन आणि स्पीकरही परत करून येईन. फक्त येत्या मंगळवारी मळेकरणीच्या वाटेवरची माणसं थांबतील तेव्हा तो काचेमागं लागलेला असू दे.