काटा एकवर

रात्रपाळीचा ताबा घेताना महादेवने लॉगबुकावर सही करण्यापूर्वी एक नंबरच्या बॉयलरवरील प्रेशर गेजकडे पाहिले आणि पेन पुन्हा खिशाला लावले. बॉयलर सफाईसाठी कालपासून बंद होता, त्याचे अंग हाताला थंड लागत होते आणि माथ्यावरचा हवेचा कॉक उघडा होता. म्हणजे आत बाहेरच्या हवेखेरीज कोणताही दाब असण्याचे कारण नव्हते. तरीही दुपारी दुरुस्त होऊन परत आलेल्या त्या गेजचा काटा शून्यावर न टेकता एकच्या रेघेवर उभा होता.

दुपारपाळीचा ऑपरेटर जाण्याच्या घाईत होता. गेजची काच तडकली होती आणि काटा मधेच अडकत होता, म्हणून तो दुरुस्तीला दिला होता; आता नवी काच आहे, काटा मोकळा फिरतो, आणखी काय हवे, असा त्याचा सूर होता. महादेवने त्याच्यासमोरच थ्री-वे कॉक फिरवून गेज बॉयलरपासून तोडला आणि हवेला खुला केला. काटा हलला नाही. बोटाने डबीवर टिचकी मारली, तेव्हा तो किंचित थरथरला आणि पुन्हा एकवरच येऊन थांबला. कॉक हवेला खुला असताना नळीत दाब अडकून राहणे शक्य नव्हते, तेव्हा जे काही बिघडले होते ते गेजच्या आतच होते. कॉक पूर्ववत करण्याआधी महादेवने गेजखालच्या सायफनच्या नळीत पाणी भरले आहे याची खात्री करून घेतली, कारण कोरड्या सायफनमधून थेट वाफ शिरली तर चांगला गेजही वाया जातो.

“काका, जास्तच दाखवतो ना?” हेल्पर संतोष म्हणाला. “आत सात असेल तर आठ दाखवेल. आपण आठला थांबू, म्हणजे आपण एक किलो खालीच. ही तर सुरक्षित बाजू झाली.”

हे म्हणणे वरवर पाहता बिनतोड होते आणि बॉयलर हाउसमध्ये ते फार वर्षांपासून चालत आलेले आहे. पण ते एका गृहीतावर उभे होते: शून्याला जेवढी चूक आहे, तेवढीच ती आठला आणि दहालाही असणार. नुसता काटा चुकीच्या जागी बसवला असेल, तर तसे होते खरे. गेजच्या आतील वाकडी बूर्डन नळी दाबाने थोडी सरळ होऊ पाहते, तिच्या टोकाची हालचाल दुव्यातून दातेरी पंख्याला आणि पंख्यातून काट्याच्या छोट्या चक्राला मिळते. काटा चक्रावर एक किलो पुढे ठोकला, तर तो सगळीकडे एक किलो पुढे चालेल. परंतु ज्याने दुरुस्ती करताना दुव्याचा स्क्रू पंख्याच्या खाचेत सरकवला असेल, त्याने काट्याची चालच बदलली. किंवा नळी पूर्वी कधी जास्त दाबाने ताणली गेली असेल, तर ती पूर्वीसारखी वागेलच याची हमी नाही. शून्यावर न येणारा काटा यांपैकी कोणती गोष्ट सांगत आहे, हे फक्त शून्याकडे पाहून कळण्यासारखे नव्हते.

सकाळी सहाला प्रोसेसला आठ किलो दाबाची वाफ द्यायची होती. महादेवने लॉगबुकात “एक नंबर गेज, दाब नसताना वाचन १” अशी नोंद करून मगच सही केली, पाण्याची पातळी दोन्ही काचांवर पाहिली आणि बर्नर लहान ज्योतीवर चालू केला. थंड बॉयलर एकदम तापवायचा नसतो, त्यामुळे त्याच्या हातात वेळ होता.

मुख्य झडपेच्या आधी वाफेच्या नळीत थर्मामीटर बसवलेला होता. रोजच्या कामात त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नसे, कारण प्रेशर कळले की तापमान कळलेच, असे सर्व जण धरून चालत. तेच उलटे करता येते, हे मात्र विसरले जाते. पाण्याच्या संपर्कात असलेल्या वाफेला प्रत्येक दाबाला एकच तापमान असते, आणि भिंतीवर टांगलेल्या तक्त्यात ते छापलेले होते: दोन किलोला १३३ अंश, चारला १५१, सहाला १६४, आठला १७५. अट एकच, की वाफेत हवा मिसळलेली नसावी. हवा असली तर तिचा दाब गेजवर दिसतो, पण तापमान त्या मानाने वाढत नाही. म्हणून महादेवने हवेचा कॉक नेहमीपेक्षा उशिरा, त्यातून कोरडी आणि जोरकस वाफ येऊ लागल्यावर बंद केला, आणि थर्मामीटरपाशी वाफ साचून थंड होऊ नये यासाठी ड्रेनचा कॉक किलकिला ठेवला.

थर्मामीटर १३३ ला पोचला, तेव्हा त्याने ज्योत आवरून पारा स्थिर होऊ दिला. गेजवर २.६ होते.

“सहा पॉइंट जास्त,” संतोष म्हणाला. “एक नाही.”

“थर्मामीटर दोन अंश चुकला, तर इथे पाव किलोचाही फरक पडत नाही,” महादेव म्हणाला. “शून्याला एक होता, इथे ०.६ आहे. लिहून ठेव, आणि वेळही लिही.”

१५१ अंशांवर गेजने ४.३ दाखवले. संतोषने आकडा लिहिला, वरच्या दोन आकड्यांकडे पाहिले आणि या वेळी काही बोलला नाही. १६४ अंशांवर काटा सहाच्या रेघेवर इतका नेमका उभा राहिला, की दुसऱ्या कोणी तेवढेच पाहिले असते, तर गेजला उत्तम म्हणून प्रमाणपत्र दिले असते. महादेवला मात्र संध्याकाळपासूनच्या सगळ्या वाचनांत हेच वाचन सर्वांत वाईट वाटले. चूक घटत घटत शून्य झाली होती, आणि घटणारी गोष्ट शून्याशी थांबते असा काही नियम नाही. याच चालीने गेले, तर सहाच्या वर गेज कमी दाखवू लागणार होता. त्याने कागदावर हिशेब केला: दर दोन किलोमागे काटा सुमारे एक तृतीयांश किलो मागे पडत होता. सेफ्टी व्हॉल्व्ह १०.५ ला उघडतो. त्या वेळी या गेजवर जेमतेम पावणेदहा दिसले असते, आणि डायलवरच्या लाल रेघेपर्यंत काटा कधी पोचलाच नसता. संतोषच्या हिशेबाने एक किलो वजा करून वाचणाऱ्याला तर तो पावणेनऊच वाटला असता.

त्याने बर्नर बंद केला, प्रेशर सहावर ठेवले आणि शिफ्ट इन्चार्जना फोन केला.

कुलकर्णीसाहेब आले ते थोडे वैतागूनच. त्यांच्यापुढे सहा वाजताची वाफ होती. “अहो, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, नऊला बर्नर तोडणारा प्रेशर स्विच आहे. एका गेजसाठी बॉयलर अडवून कसं चालेल?”

“साहेब, परवा हाच स्विच नऊच्या आधी तुटला, तर आपण काय म्हणू?” महादेव म्हणाला. “गेजवर साडेआठ दिसत असतील आणि बर्नर बंद पडेल. मग आपण स्विच बिघडला म्हणू आणि तो वर सरकवू. गेज खरा धरूनच बाकी सगळं लावलं जातं.”

कुलकर्णीसाहेबांनी कागद हातात घेतला. त्यांना हिशेब समजायला वेळ लागला नाही, पण त्यांची शंकाही रास्त होती: वरच्या दाबाला तापमानावरून निवाडा करणे अवघड, कारण तिथे एका किलोला चार-पाच अंशच फरक पडतो, आणि त्या थर्मामीटरवर एका अंशाची पैज कोणी घेणार नाही. “तुमचं सहापर्यंतचं मान्य. सहाच्या वरचं हे अनुमान झालं.”

“म्हणूनच परवानगी हवी आहे. दोन नंबरचा गेज काढून तपासणीच्या जोडावर लावतो.”

तपासणीच्या वेळी परीक्षकाचा गेज लावता यावा यासाठी बॉयलरवर स्वतंत्र कॉक असलेला एक जोड ठेवलेला असतो, आणि एरवी तो टोपण लावून विसरला जातो. दोन नंबरचा बॉयलर नळ्यांच्या कामासाठी उघडा पडला होता. त्याच्या गेजचा काटा शून्यावर होता. अर्थात तेवढ्याने तो खरा ठरत नाही, कारण काट्याला मागे अडवणारी खुंटी शून्याखाली घसरू पाहणाऱ्या काट्यालाही शून्यावरच उभा करते. कुलकर्णीसाहेबांनी मान हलवली. महादेवने जोडाचा कॉक बंद असल्याचे दोनदा पाहून टोपण काढले, सुटा सायफन पाण्याने भरून लावला, त्यावर गेज आवळला आणि कॉक अगदी हळू उघडला. दुसऱ्या गेजने सहा दाखवले. थर्मामीटर १६४ वर होता. तीन वाचने जुळली, तेव्हा पुढे जाण्यापुरता आधार मिळाला, असे तिघांनीही मानले.

बर्नर पुन्हा चालू झाला. थोडा वेळ दोन्ही काटे बरोबरीने चढले, मग सातच्या आसपास दुरुस्त गेजचा काटा मागे राहिलेला उघड दिसू लागला. दुसऱ्या गेजवर आठ झाले, तेव्हा याच्यावर ७.७ होते. महादेवच्या सांगण्यावरून प्रोसेसची झडप उघडण्याआधी प्रेशर स्विचचीही परीक्षा घेतली: दुसऱ्या गेजवर नऊ होताच बर्नर तुटला, आणि दुरुस्त गेजवर त्या क्षणी साडेआठ होते. कुलकर्णीसाहेबांनी स्वतःच्या हाताने तो आकडा लिहिला आणि त्याखाली सही केली. प्रेशर आठवर आल्यावर, सहाला काही मिनिटे बाकी असताना, वाफ प्रोसेसला गेली.

लॉगबुकात महादेवने लिहिले: “दुरुस्त गेज शून्याला १ जास्त, सहाला बरोबर, नऊला ०.५ कमी. चूक एकसारखी नाही, म्हणून वजाबाकी करून वापरू नये. गेजचा कॉक बंद करून डायलवर कागद चिकटवला आहे. बॉयलर तपासणीच्या जोडावरील गेजवर चालू आहे. प्रेशर स्विचला हात लावू नये.” शेवटचे वाक्य त्याने अधोरेखित केले.

इन्स्ट्रुमेंटचा पवार सकाळपाळीला आला, तो कागद चिकटवलेला पाहून थेट महादेवपाशी गेला. “मी स्वतः जुळवून दिलाय तो गेज. सहाला बरोबर होता की नाही?”

“सहाला अगदी बरोबर आहे. तसं लिहिलंय मी.”

“मग?”

“सहालाच का जुळवला?”

पवार थोडा थांबला. “शॉपमधल्या कॉम्प्रेसरची लाइन सहालाच असते. तिथल्या गेजशेजारी लावून पाहिला. कमी दाखवत होता, म्हणून दुवा सरकवला, उरलेलं काट्यानं घेतलं.”

“आणि लाइन सोडल्यावर काटा कुठे आला?”

त्यावर पवारने उत्तर दिले नाही. त्याने आकड्यांचा कागद मागून घेतला, शून्यापासून खाली एकेक ओळ बोटाने वाचत नऊपर्यंत गेला, आणि मग गेज प्रत्येक दाबाला वजनांनी तपासणाऱ्या डेड वेट टेस्टरच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, असे कुलकर्णीसाहेबांना विचारले.