हॅझर्ड वेगळा, रिस्क वेगळी: कालच्या तक्त्यांवरून

काल वर्कशॉपच्या फेरीत तुम्ही भरलेले तक्ते रात्री वाचून काढले. बहुतेकांची गल्लत एकाच जागी झाली आहे. ‘हॅझर्ड’च्या रकान्यात कुणी ‘घसरून पडणे’ लिहिलंय, कुणी ‘बोट कापणे’, आणि ‘रिस्क’च्या रकान्यात तेच शब्द उलटसुलट करून पुन्हा. दोष थोडा आपल्या बोलण्याचाही आहे. पॅनेलच्या पाटीवर ‘धोका’ लिहितो आणि ‘या कामात धोका फार’ असंही म्हणतो. पाटीवरचा धोका म्हणजे हॅझर्ड, दुसरा म्हणजे रिस्क. म्हणून यापुढे वर्गात हॅझर्डला धोका आणि रिस्कला जोखीमच म्हणायचं.

धोका म्हणजे इजा करण्याची ताकद अंगात असलेली गोष्ट: फिरणारा शाफ्ट, विजेचा प्रवाह, आम्ल, उंचावर टांगलेला बोजा. त्यातून कुणाला इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर ती किती गंभीर, हे दोन्ही मिळून जोखीम ठरते.

तीन नंबरच्या लेथखाली सांडलेलं तेल सगळ्यांनी पाहिलं. तेल हा धोका. पाय घसरणं ही घटना. मनगट मोडणं ही इजा. या तिन्ही गोष्टी तुम्ही एकाच रकान्यात कोंबल्यात. आता तेवढंच तेल मशीनच्या मागे, भिंतीलगत, जिथे महिन्यातून एकदा मेंटेनन्सवाला जातो तिथे आहे असं समजा. मग तेच तेल जिन्याच्या पायथ्याशी, शिफ्ट सुटताना सगळे घाईत असतात तिथे आहे असं समजा. धोका तोच, जोखीम कितीतरी पटींनी वाढली, कारण माणसं वाढली, घाई वाढली आणि पडल्यावर डोकं आपटायला पायऱ्या आल्या.

बेंच ग्राइंडरकडे मात्र कुणी नीट पाहिलं नाही. स्टोन आणि टूल रेस्टमधली फट साधारण ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. काल तिथे पेन्सिल सहज गेली असती. स्टोन वापराने झिजतो, रेस्ट आहे तिथेच राहते, म्हणून फट वाढत जाते. मग एखादा छोटा जॉब तिथे ओढला जातो, अडकतो आणि स्टोन फुटू शकतो. गंमत बघा, कुणी काहीही केलं नाही, मशीन तेच, ऑपरेटर तोच, तरी जोखीम रोज थोडी थोडी वाढत गेली. स्विच बंद करून, स्टोन पूर्ण थांबल्यावर रेस्ट पुढे सरकवली की जोखीम पुन्हा खाली येते. हे काम पाच मिनिटांचं, आणि माझ्या मते वर्कशॉपमधलं सर्वात दुर्लक्षित.

पॉवर प्रेसवर अजून एक गोष्ट कळते. आपल्या मॅट्रिक्समध्ये शक्यता १ ते ५ आणि गंभीरता १ ते ५. दोन्हींचा गुणाकार करायचा. गार्ड नसलेल्या प्रेसला शक्यता ४, गंभीरता ५ धरली तर २० येतात. इंटरलॉक गार्ड बसवला की शक्यता १ वर येते, पण गंभीरता ५ च राहते, कारण हात आत सापडला तर व्हायचं तेच होणार. म्हणून उत्तर ५ येतं, शून्य नाही. प्रॉडक्शनच्या घाईत कुणी लिमिट स्विच तारेने बांधून टाकला, की गार्ड जागेवर दिसत असूनही तुम्ही पुन्हा २० वर.

धोकाच नाहीसा करायचा तर ती गोष्ट काढावी किंवा बदलावी लागते. पार्ट धुवायला पेट घेणारं सॉल्व्हंट वापरण्याऐवजी पाण्यात मिसळणारं क्लीनर आणलं, तर आगीचा धोका मुळातच गेला. अर्थात क्लीनरचा त्वचेला त्रास होतो का, हे नव्याने तपासावं लागेल. हातमोजे, गॉगल यांनी फक्त जोखीम कमी होते, म्हणून नियंत्रणांच्या क्रमात ते शेवटी येतात.

एकाने धोका म्हणून ‘हेल्मेट नव्हते’ लिहिलंय. क्रेनला टांगलेला बोजा हा धोका. हेल्मेट नसणं ही नियंत्रणातली उणीव. खाली कुणी उभंच नसेल तर हेल्मेटचा प्रश्न येत नाही, बोजा मात्र तेवढ्याच वजनाचा राहतो.

गुरुवारी तक्ता पुन्हा भरून आणा. रकाने पाच: धोका, घटना, इजा, आत्ताचं नियंत्रण, जोखमीचा आकडा. आकड्याशेजारी एका ओळीत कारण लिहा. नुसता १२ मी तपासणार नाही. लेथखालचं तेल आज सकाळी पुसलंय, म्हणून ती ओळ गाळू नका. मी वाकून पाहिलं, कूलंटच्या पाइपाचा जॉइंट अजून थेंब थेंब गळतोय.